ओव्हन अजिबात तापत नसेल तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरातील बिल्ट-इन विद्युत ओव्हनचा दिवा लागतो, पंखाही फिरतो, परंतु आतील भाग जराही तापत नाही, अशा तक्रारीत ग्राहक बहुधा खालच्या एलिमेंटलाच, म्हणजे बेक एलिमेंटलाच, दोष देतात. एलिमेंट जळाले असण्याची शक्यता असते; मात्र वरचे आणि खालचे अशी दोन्ही एलिमेंट एकाच वेळी जळणे दुर्मीळ आहे. म्हणून प्रथम ग्रिल लावून वरचे एलिमेंट तापते का, ते पाहावे. तेही थंडच राहिले, तर दोष बहुधा दोन्हींना वीज पोहोचवणाऱ्या सामाईक भागात असतो.

त्यापूर्वी घड्याळ पाहावे. वीज जाऊन आल्यावर अनेक ओव्हनमधील घड्याळ लुकलुकत राहते आणि वेळ लावून हाताने चालवण्याची स्थिती निवडेपर्यंत ओव्हन तापतच नाही. असे ओव्हन आमच्याकडे बिघडले म्हणून येते आणि वेळ लावताच चालू होते.

पुढील तपासणी मल्टिमीटर हाताळण्याची सवय असलेल्यांनीच करावी. प्लग काढावा किंवा ओव्हनचा एमसीबी बंद करावा. केवळ नॉब शून्यावर आणणे पुरेसे नाही. ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर एलिमेंटची एक वायर सोडवून त्याच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १२०० वॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे ४४ ओहम असतो. मीटरने अनंत रोध दाखवला, तर आतील तार तुटलेली आहे. टोक आणि एलिमेंटचे धातूचे आवरण यांच्यात जोड दिसला, तर ते एलिमेंट पुन्हा वापरू नये.

एलिमेंट ठीक असल्यास थर्मोस्टॅटकडे वळावे. गार ओव्हनमध्ये नॉब मधल्या तापमानावर फिरवल्यावर त्याचे संपर्कबिंदू जुळलेले असावेत, म्हणजे त्यांच्यातील रोध शून्याच्या जवळपास यावा. तो तसा न आल्यास संपर्कबिंदू जळालेले असू शकतात. थर्मोस्टॅटची बारीक नळी ओढू किंवा वाकवू नये, कारण ती दुमडली की तापमानाचे नियंत्रणच बिघडते.

दाराचा स्विच प्रत्येक ओव्हनमध्ये नसतो, आणि असला तरी काही ओव्हनमध्ये तो फक्त पंखा किंवा दिवा नियंत्रित करतो. ज्या ओव्हनमध्ये तो तापवण्याचा प्रवाह तोडतो, त्यात दार लावल्यावर हलकासा ‘टक्’ आवाज येतो का, हे ऐकावे. आवाज न आल्यास बिजागरी सैल होऊन दार पूर्ण लागत नसेल, किंवा स्विचची कळ तेलकट चिकट्याने अडकली असेल. ती स्वच्छ केल्यावरही दाबताना मीटरवर जोड बदलत नसेल, तर स्विच बदलावा लागतो. तो तारेने जोडून तात्पुरते काम भागवू नये, कारण मग दार उघडे असतानाही ओव्हन तापत राहील.

हे तिन्ही भाग ठीक आढळल्यास मागील बाजूचे अतितापरोधक कटआउट किंवा निवडीचा स्विच तपासावा लागतो. त्यासाठी ओव्हन बाहेर काढावे लागत असल्याने ते काम आमच्या तंत्रज्ञाकडे सोपवावे.