डिशवॉशरमधून निघालेल्या काचेच्या पेल्यांवर पांढरट थर का बसतो?

डिशवॉशरमधून काढलेला पेला स्वच्छ धुतला गेलेला असूनही उजेडात धरल्यावर धुरकट दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा साबणाची पूड बदलली जाते. पण खरे कारण सहसा पाण्यात असते, आणि ते धुण्याच्या नव्हे तर शेवटच्या खळबळणीच्या टप्प्यावर उघडे पडते.

सर्वप्रथम थर कसला आहे ते ठरवावे. पेल्याच्या पांढरट भागावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकून पाच मिनिटांनी बोटाने चोळावे. डाग निघून काच लख्ख झाली, तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ. नुसत्या कोमट पाण्याने थर विरघळला आणि चवीला खारट लागला, तर मिठाच्या टाकीचे झाकण नीट बसलेले नसावे. आम्लानेही काही फरक पडला नाही आणि तिरप्या उजेडात इंद्रधनुषी झाक दिसली, तर काचच झिजलेली आहे. तिच्यावर उपाय नाही, हे आधीच समजलेले बरे.

पुढचे विवेचन पहिल्या प्रकाराविषयी आहे. जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट उरते. मुख्य धुलाईत पुडीतील काही घटक कॅल्शियमला बांधून ठेवतात, पण शेवटच्या खळबळणीत पूड नसते. ते पाणी गरम असते, पेल्याला चिकटून राहते आणि तिथेच वाळते. लिटरमागे 300 मिलिग्रॅम कठीणपणा असलेले एक मिलिलिटर पाणी एका पेल्यावर वाळले, तर सुमारे 0.3 मिलिग्रॅम क्षार मागे राहतात. एका धुण्यात ते दिसतही नाहीत. तीस धुण्यांनंतर मात्र ते नऊ मिलिग्रॅम होतात.

ते रोखण्याचे काम यंत्राच्या तळाशी असलेले मृदुकरण यंत्रणेचे भांडे करते. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातील कॅल्शियम स्वतःकडे ठेवून त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी कॅल्शियमने भरले की यंत्र टाकीतल्या मिठाचे संपृक्त द्रावण त्यांवरून सोडते, कॅल्शियम सुटून गटारात जाते आणि मणी पुन्हा कामाला लागतात. म्हणजे मीठ भांड्यांवर नव्हे, तर मण्यांवर काम करते. स्वयंपाकाचे मीठ इथे चालत नाही, कारण त्याचे बारीक कण व गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ टाकीत घट्ट बसू शकतात.

मीठ काठोकाठ भरलेले असूनही थर येतो, अशी तक्रार मला विशेष बोलकी वाटते. अनेक यंत्रांना पाणी किती जड आहे हे कळत नाही. त्यांना ते आपण सांगायचे असते. समजा, नळाचे पाणी लिटरमागे 300 मिलिग्रॅम, म्हणजे कठीणपणाच्या मापात सुमारे 17 जर्मन अंशांचे आहे आणि यंत्र 10 अंशांवर ठेवलेले आहे. यंत्र दर पाच धुण्यांनी मणी ताजे करते असे धरले, तर 17 अंशांच्या पाण्यात ते तीनच धुण्यांत भरतील आणि उरलेल्या दोन धुण्यांना जवळजवळ जड पाणीच मिळेल. म्हणूनच काही दिवस पेले चकचकीत आणि काही दिवस धुरकट, असा अनुभव आला की सेटिंगवरच संशय घ्यावा. चाचणीपट्टीने नळाचे पाणी तपासून त्या अंशाप्रमाणे बदल केला की बरेचदा प्रश्न मिटतो. अंश गरजेपेक्षा फार वाढवणेही योग्य नाही, कारण त्याने मीठ वाया जाते.

रिन्स एडचे काम याहून वेगळे आहे. त्यातील पृष्ठसक्रिय द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे थेंब न बनता पाणी सलग पापुद्र्यासारखे घसरून जाते आणि वाळायला फारसे शिल्लकच राहत नाही. सोबतचे सायट्रिक आम्ल क्षारांना थोडे रोखून धरते. परंतु पाणी फार जड असेल, तर एकटे रिन्स एड पुरे पडत नाही. ते प्रमाणाबाहेर सुटले, तर काचेवर निळसर ओघळ दिसतात, आणि मग मात्रा एक घर कमी करावी.

जुना थर काढण्यासाठी पेले सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवावेत. यंत्रातच धुवायचे असेल, तर त्या फेरीत नेहमीची पूड घालू नये. ती अल्कधर्मी असल्याने आम्लाचा परिणाम खोडून काढते.