माईकच्या सेलमध्ये हायड्रोजन बसतो कुठे? उन्हाळ्यात सेल भरण्यापूर्वी वाचा

आमच्याकडून वायरलेस माईकसाठी, फ्लॅशसाठी किंवा टॉर्चसाठी निकेल-मेटल हायड्राइड सेल नेणारे बरेच जण वेष्टनावरचा ‘हायड्राइड’ हा शब्द वाचून विचारतात, “यात हायड्रोजन आहे म्हणे, फुटणार तर नाही ना?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर समजलं की परभणीच्या उन्हाळ्यात हे सेल कसे वापरायचे तेही आपोआप समजतं.

2000 एमएएचचा बोटाएवढा सेल पूर्ण भरलेला असताना त्यात साठलेला हायड्रोजन वायू म्हणून बाहेर काढला, तर तो साधारण 900 मिलिलिटर भरेल. म्हणजे पाण्याची एक लिटरची बाटली जवळजवळ भरते. सेलची स्वतःची जागा जेमतेम 8 मिलिलिटर. एवढा वायू तिथे नुसता कोंडला असता तर दाब हवेच्या दाबाच्या शंभर पटींच्या वर गेला असता. पण सेलमध्ये वायूचा साठा नसतोच. हायड्रोजन धातूच्या आत मुरलेला असतो.

हा धातू म्हणजे ऋण टोकाच्या पट्टीवर दाबून बसवलेली करडी-काळी भुकटी. तिचा मूळ साचा LaNi₅, म्हणजे लँथेनमच्या एका अणूमागे निकेलचे पाच. नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस चुंबकांच्या धातूंवर काम चालू असताना या जातीचे मिश्रधातू हायड्रोजन पितात हे लक्षात आलं. धातूचे अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात. हायड्रोजनचा अणू फार लहान, त्यामुळे तो त्या पोकळ्यांत शिरतो. लँथेनम आणि पाच निकेल मिळून सहा हायड्रोजन सांभाळू शकतात. तेवढ्याच जागेत द्रवरूप हायड्रोजनचेही इतके अणू मावत नाहीत.

तो आत जातो कसा? सेल चार्जरवर लावला की ऋण टोकाकडे इलेक्ट्रॉन येतात. भुकटीचे कण पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात भिजलेले असतात. कणाच्या पृष्ठभागावर, विशेषतः तिथल्या निकेलवर, पाण्याचा एक रेणू इलेक्ट्रॉन घेऊन तुटतो. त्यातला एक हायड्रोजन धातूला चिकटतो आणि उरलेला भाग पाण्यात सुटून धन टोकाकडे जातो. चिकटलेला अणू मग पोकळीतून पोकळीत सरकत कणाच्या पोटात जातो. माईक चालू केला की हेच उलट होतं. अणू आतून पृष्ठभागावर येतो, पाण्यातल्या त्या सुट्या भागाशी मिळून पुन्हा पाणी होतो आणि त्याने सोडलेला इलेक्ट्रॉन तारेतून माईकमध्ये जातो. धन टोकाला याची उलटी क्रिया चालू असते, म्हणून एकूण पाणी घटत नाही. सगळं नीट चालू असेल तर हायड्रोजनला वायू होण्याची पाळीच येत नाही.

आता एक बारकावा, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ त्यात आहे. धातूत हायड्रोजन भरत जातो तसा त्याचा दाब सारखा वाढत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. पाणी उकळायला लागल्यावर तापमान जसं एका जागी अडतं, तसा हा दाबही मधल्या मोठ्या टप्प्यात एकाच पातळीवर अडून राहतो. कणाचा काही भाग भरलेला, काही रिकामा, आणि भरलेला भाग हळूहळू पसरत जातो. सेलचा व्होल्टेज बराच वेळ 1.2 च्या आसपास टिकतो, त्यात या अडलेल्या दाबाचाही वाटा आहे, आणि शेवटी धन टोक रिकामं झालं की तो एकदम कोसळतो. म्हणून नुसता मीटर लावून सेल किती भरलाय ते सांगता येत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शुद्ध LaNi₅ मध्ये ही पातळी साध्या तापमानालाही हवेच्या दाबाच्या वर असते, बंद सेलला ती परवडत नाही. म्हणून थोडं निकेल काढून त्या जागी अॅल्युमिनियम, मँगनीज आणि कोबाल्ट घालतात. पातळी खाली येते आणि हायड्रोजन धातूत निवांत राहतो. पण उष्णता वाढली की ती पातळी पुन्हा चढते. 25 अंशांवरून 45 वर गेलं की दाब साधारण अडीच पट होतो. मे महिन्यात टेम्पोच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत 45 म्हणजे काहीच नाही. तिथे थोडा थोडा हायड्रोजन धातू सोडून निघतो, धन टोकापर्यंत पोचतो आणि तिथला चार्ज खाऊन टाकतो. सेल पेटीत पडल्या पडल्या उतरतो तो असा.

गेल्या उन्हाळ्यात सप्ताहाला माईक लावणारे एक साउंडवाले दादा आले. म्हणाले, “हिरवा दिवा लागला होता हो, तरी कीर्तन अर्ध्यावर असताना माईक गेला.” चार सेल होते, दोन माईकचे. दुपारी पत्र्याखाली भरलेले आणि मग आठवडाभर पेटीत टेम्पोमध्ये. मीटरवर चारही 1.25 च्या जवळ, अगदी ठणठणीत दिसत होते. अर्धा अँपिअर भार लावला तेव्हा तिघे 1.2 ला टिकले आणि चौथा 0.95 वर आला. पूर्ण उतरवून मोजले तर तिघांतून प्रत्येकी सुमारे 1500 एमएएच निघाले, चौथ्यातून 700. मग रात्री कूलरजवळ 200 मिलिअँपिअरने 15 तास भरले आणि लगेच पुन्हा मोजले. तिघे 1850 च्या वर गेले. चौथा 900 वरच थांबला.

तिघांची तूट उन्हाची होती. काही चार्ज पेटीत गेला, काही मुळात भरलाच नव्हता. तापलेल्या सेलमध्ये धन टोक चार्ज घ्यायचं सोडून ऑक्सिजन सोडू लागतं. तो ऑक्सिजन ऋण टोकावरच्या हायड्रोजनशी मिळून पाणी होतो आणि सेल आणखी तापतो. चार्जरला वाटतं, भरला.

चौथ्याचं दुखणं वेगळं आणि कायमचं. हायड्रोजन शिरला की धातू फुगतो, निघाला की आकसतो. शुद्ध LaNi₅ चं आकारमान जवळजवळ पाव पट वाढतं. आपली काळी रेगड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तसंच त्या कणांचं होतं. नव्या सेलला पहिल्या तीन-चार वेळा याचा फायदाच होतो, ताजे पृष्ठभाग उघडे पडतात आणि ताकद वाढते. पुढे मात्र प्रत्येक नव्या भेगेत पाणी शिरतं, लँथेनम गंजून त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि त्यात सेलमधलं मोजकं पाणी खर्ची पडतं. धातू कमी, ओलावा कमी, अंतर्गत रोध जास्त. कोबाल्ट हा फुगवटा आवरतो, म्हणून महाग असूनही तो घालतात. उष्णतेत गंजणं वेगाने होतं. धन टोकाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर जादा दाब सोडणारी झडप उघडून आतला द्रव बाहेर आलाय असं समजा. तो सेल वापरू नका, डोळ्यांना हात लावण्याआधी हात धुवा.

असा कमजोर सेल चांगल्याबरोबर जोडला तर तो आधी संपतो आणि चांगला सेल त्यातून प्रवाह रेटतच राहतो. तेव्हा मात्र रिकाम्या धन टोकावर खरोखर हायड्रोजन वायू सुटतो. धातू त्यातला थोडा पितो, पण त्याचा वेग अपुरा पडला तर झडप उघडते. म्हणून जोडीवर पेनने खूण करा आणि जोडी फोडू नका. भरायचं काम रात्री किंवा पहाटे, जमिनीवर, वाऱ्याला. कार्यक्रम उद्या असेल तर आज रात्रीच भरा, आठवडाभर आधी नको.

शंका असलेले सेल भरून नव्हे, आहेत तसे दुकानात आणा. भार लावून बघायला पाच मिनिटं लागतात. पूर्ण मोजणीला दोन दिवस ठेवावे लागतील.