प्रश्नावलीचा मसुदा तज्ज्ञ-तपासणीला कसा द्यावा: पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

सर्वेक्षणाचा मसुदा पहिल्या उत्तरदात्याच्या हाती पडण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा असेल, तर क्यूएएस-99 ही प्रश्नांतल्या अडचणी शोधण्याची यादी कामाची आहे. गॉर्डन विलिस आणि जुडिथ लेसलर यांनी ती 1999 मध्ये तयार केली. तिचे 8 टप्पे आहेत: वाचन, सूचना, स्पष्टता, गृहीतकं, माहिती व स्मरण, संवेदनशीलता, उत्तरांचे पर्याय आणि इतर.

तपासणारे कोण? दोघं-तिघं पुरेत. एक प्रश्नावली रचणारा, एक विषयाचा जाणकार आणि शक्यतो वस्तीत फिरलेला एक सर्वेक्षक. मसुदा लिहिणारा यात नको. त्याला स्वतःचा प्रश्न नेहमीच स्पष्ट वाटतो.

काय जोडावं? ज्या भाषेत विचारणार त्याच भाषेतला मसुदा. इंग्रजी मूळ तपासून मराठीत विचारलं, तर तपासणी वाया जाते. सोबत प्रत्येक प्रश्नाचा हेतू एका ओळीत, सर्वेक्षकांच्या सूचना, आणि प्रश्न घरी जाऊन विचारणार की फोनवर, हेही हवं. हेतू नसेल तर मसुदा परत पाठवलेला बरा.

प्रक्रिया. प्रत्येक तपासनीस एकेक प्रश्न मोठ्याने वाचतो आणि टप्प्याटप्प्याने ‘अडचण आहे / नाही’ अशी खूण करून कारण लिहितो. सगळ्यांनी आधी स्वतंत्रपणे खुणा करायच्या, चर्चा नंतर.

ठाण्यातल्या पाणीपुरवठ्यावरचा हा प्रश्न घ्या: ‘गेल्या महिन्यात तुमच्या घरी पाणी नियमित आणि पुरेशा दाबाने आलं का? नेहमी / कधीकधी / नाही.’

स्पष्टतेत तो अडकतो: ‘गेला महिना’ म्हणजे मागचे 30 दिवस की कॅलेंडरचा महिना? गृहीतकांत तर दोनदा. एक, नियमितपणा आणि दाब या दोन गोष्टी एकाच उत्तरात कोंबल्या आहेत. दोन, घरात नळ आहे असं धरलंय. वागळे इस्टेटच्या चाळीत सामायिक नळ असेल, घोडबंदर रोडच्या सोसायटीत टँकर, आणि तिथला दाब गच्चीवरच्या टाकीचा. स्मरणातही खूण होते, कारण महिनाभराचं पाणी कुणाला आठवणार? शिवाय प्रश्न ‘आलं का’ असा हो-नाहीचा आणि पर्याय वारंवारतेचे.

दुरुस्ती अशी: आधी ‘पिण्याचं पाणी मुख्यतः कुठून मिळतं?’ ज्यांच्या घरात नळ आहे त्यांनाच पुढे ‘आजचा दिवस सोडून मागच्या 7 दिवसांत किती दिवस नळाला पाणी आलंच नाही?’ उत्तर 0 ते 7. दाबाचा प्रश्न हवाच असेल, तर वेगळा.

एक खबरदारी. ही यादी जरा जास्तच खुणा करते. जवळपास प्रत्येक प्रश्नात काही ना काही सापडतं. म्हणून खूण झाली की लगेच प्रश्न बदलू नये. त्या अडचणीमुळे उत्तर चुकणार असेल, तरच तो बदलावा. निकाल तपासनिसांचा असतो, लोकांचा नव्हे. लोक खरोखर अडखळतात का, हे नंतर काहींना प्रश्न विचारून, त्यांना तो कसा समजला हे वदवून घेतल्यावरच कळतं.