ऑर्डर तेवढ्याच, मग रिपोर्टमधले आकडे का घटले?

समजा, दादरचं एक पैठणीचं दुकान जर्मनीतल्या मराठी मंडळींना ऑनलाइन साड्या विकतं. त्यासाठी गूगलवर जाहिरात चालू आहे. महिन्याला 4,000 क्लिक, खर्च 2 लाख रुपये आणि जाहिरातीतून प्रत्यक्षात येणाऱ्या ऑर्डर 80. जुलैत दुकानाच्या वेबसाइटवर कुकी वापरायची परवानगी मागणाऱ्या संमतीच्या पट्टीवर ‘स्वीकारा’चं बटण ठळक होतं आणि नकाराची वाट दोन पानं आत लपलेली होती. 80 टक्के लोकांनी होकार दिला. ऑगस्टपासून दोन्ही बटणं सारखी केली. असं करावंच लागतं: स्वीकारण्याइतकं नाकारणं सोपं ठेवलं नाही म्हणून 2022 च्या जानेवारीत फ्रान्सच्या नियामकाने गूगललाच 15 कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता. दुकानाचा होकार 80 वरून 50 टक्क्यांवर आला.

ऑगस्टमध्येही ऑर्डर 80 च आल्या. पार्सलं तेवढीच गेली, बँकेत पैसे तेवढेच जमा झाले. पण गूगलच्या रिपोर्टमध्ये जुलैत 70 कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीच्या नावावर मोजलेल्या ऑर्डर, दिसत होती, ती आता 48 झाली. एका ऑर्डरमागचा खर्च 2,857 रुपयांवरून 4,167 वर गेला.

हे का होतं? जाहिरातीवर क्लिक केलं की त्या क्लिकचा क्रमांक कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या एका छोट्या नोंदीत, साठवला जातो. दोन दिवसांनी खरेदी झाली की ‘धन्यवाद’ पानावरचा टॅग, म्हणजे गूगलच्या कोडचा छोटा तुकडा, तो क्रमांक वाचतो आणि क्लिक व ऑर्डर यांची गाठ बांधतो. नकार दिलेल्या ग्राहकाच्या बाबतीत कुकीच नसते. ऑर्डर होते, गाठ बांधली जात नाही.

ग्राहकाचा होकार-नकार या टॅगला कळवणारी गूगलची सोय म्हणजे कन्सेंट मोड. तो दोन प्रकारे लावता येतो. ‘बेसिक’ प्रकारात संमती मिळेपर्यंत टॅग काहीच पाठवत नाही. ‘ॲडव्हान्स्ड’ प्रकारात नकारानंतरही कुकीविना एक छोटा संदेश जातो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये तो पाहता येतो: होकार असेल तर `gcs=G111`, नकार असेल तर `gcs=G100`. या दुसऱ्या संदेशात वेळ, देश, ब्राउझरचा प्रकार असतो, पण माणसाची ओळख नसते. म्हणजे गूगलला इकडे क्लिक दिसतात, तिकडे ऑर्डर दिसतात, पण कुठली ऑर्डर कुठल्या क्लिकची, हे कळत नाही. त्यातल्या काही ऑर्डर तर कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेल्या असतात.

न जुळलेल्या ऑर्डरचा अंदाज बांधणाऱ्या गूगलच्या गणिती मॉडेलचं काम इथे सुरू होतं. होकार देणाऱ्या 2,000 क्लिकमधून 48 ऑर्डर आल्या, तर उरलेल्या 2,000 मधूनही 48 च आल्या असतील, असा साधा दुपटीचा हिशोब केला तर 96 होतात. प्रत्यक्षापेक्षा 16 जास्त. कारण होकार देणारा माणूस बहुधा खरेदीच्या तयारीने आलेला असतो. नुसता डोकावून जाणारा पट्टी नाकारून पुढे सरकतो. म्हणून मॉडेल त्याच देशातल्या, तसाच फोन आणि तशीच वेळ असलेल्या संमतीवाल्यांचं वागणं पाहून सुट्या ऑर्डरपैकी किती जाहिरातीच्या, याचा अंदाज बांधतं. समजा ते 29.6 म्हणालं. मोजलेले 48 आणि हे 29.6 एकाच रकान्यात मिळून 77.6 दिसतात.

तो दशांश नीट पाहा. 0.6 पैठणी कुणी विकत घेतलेली नाही. हा एका गटाबद्दलचा अंदाज आहे. त्यामागे ऑर्डर क्रमांक नाही, ग्राहकाचं नाव नाही. म्हणून दुकानाच्या वहीशी एकेक ओळ जुळवायला बसलात तर ती कधीच जुळणार नाही.

या अंदाजाला मर्यादाही आहेत. गूगल ॲड्समध्ये कन्सेंट मोडचं हे मॉडेलिंग सुरू व्हायला एका देशात, एका डोमेनसाठी सात दिवसांत किमान 700 क्लिक लागतात. जर्मनीचे क्लिक पुरतील, पण शेजारच्या ऑस्ट्रियातून आठवड्याला 50 येत असतील तर तिथली घट भरून निघणार नाही. दुसरी मर्यादा मला जास्त गंभीर वाटते. मॉडेल तपासताना माहीत असलेल्या काही ऑर्डर लपवून ठेवतात आणि त्याला ओळखायला लावतात. पण त्या ऑर्डर संमती देणाऱ्यांच्याच असतात. नकार देणाऱ्यांचा स्वभाव खरंच वेगळा असेल, तर ही तपासणी ते पकडू शकत नाही.

आणि आकडा नुसता रिपोर्टमध्ये पडून राहत नाही. जाहिरात दिसावी म्हणून आपोआप बोली लावणाऱ्या यंत्रणेला ‘एका ऑर्डरमागे 3,000 रुपये’ असं लक्ष्य दिलं असेल आणि मॉडेलचा अंदाज न जोडल्यामुळे तिला 4,167 दिसले, तर ती बोली उतरवते. जाहिरात कमी लोकांना दिसते आणि मग ऑर्डर खरोखरच घटतात. मोजमापातली चूक अशी धंद्यात उतरते. म्हणून बटणं बदलली त्या आठवड्यात लक्ष्याला हात लावण्याआधी वही उघडावी. जर्मनीच्या एकूण ऑर्डर टिकून आहेत आणि रिपोर्टमधली घट नेमकी पट्टी बदलल्या तारखेपासूनची आहे, तर विक्री नाही, मोजणी घटली आहे. दोन्ही एकदमच घटले असतील तर कारण दुसरीकडे शोधावं. मात्र महिन्याला 80 ऑर्डर असताना आठ-नऊचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो, त्यामुळे एका महिन्याच्या आकड्यांवरून निकाल देऊ नये.