प्रीपेमेंटनंतर मुदत घटली की हप्ता: पडताळणी

गृहकर्जात ठरलेल्या ईएमआयखेरीज एकरकमी भरलेली रक्कम मुद्दलातून वजा होते. तिला प्रीपेमेंट किंवा बोलण्यात पार्ट पेमेंट म्हणतात. त्यानंतर बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत घटवली की मुदत तीच ठेवून हप्ता उतरवला, आणि सांगितलेली व्याजबचत खरी आहे का, हे या पडताळणीत पाहतात. त्यासाठी चार आकडे लागतात: भरण्याआधीचे शिल्लक मुद्दल, व्याजदर, चालू हप्ता आणि उरलेले हप्ते.

उदाहरणादाखल खारघरमधील एका फ्लॅटचे कर्ज घेऊ. शिल्लक ३०,००,००० रुपये, बदलता दर ८.५ टक्के, उरलेले हप्ते १८०, ईएमआय २९,५४२. कर्जदाराने हप्ता कापला त्याच दिवशी वाशीच्या शाखेत ३,००,००० भरले. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंटचे शुल्क घेता येत नाही. म्हणजे तिन्ही लाख मुद्दलात गेले पाहिजेत आणि शिल्लक २७,००,००० दिसली पाहिजे.

खरे उत्तर खातेउताऱ्यातील पुढच्या महिन्याच्या एका ओळीत असते. भरण्याआधीच्या हिशेबाने पुढच्या हप्त्यात व्याज २१,२५० आणि मुद्दल ८,२९२ असते. आता २७ लाखांवर महिन्याचे व्याज १९,१२५ होते. हप्ता तोच असेल तर मुद्दलाकडे १०,४१७ जातात, म्हणजे मुदत घटली. हप्ता २६,५८८ झाला असेल तर मुद्दलाकडे ७,४६३ जातात, म्हणजे मुदत तशीच १८० हप्त्यांची आहे. आणि व्याज अजूनही २१,२५० दिसत असेल, तर रक्कम मुद्दलात वळती न होता आगाऊ हप्ते म्हणून खात्यात पडून असण्याची शक्यता मोठी. तेव्हा शाखेत लेखी अर्ज करून ती मुद्दलात वळती करून घ्यावी लागते. महिन्याच्या मधोमध भरणा झाला असेल तर मात्र पहिल्याच ओळीवरून निष्कर्ष काढू नये. व्याज रोजच्या शिल्लकीवर आकारले जात असल्यास त्या महिन्याचे व्याज दोन्ही आकड्यांच्या मधले, साधारण २०,२०० येते. त्याच्या पुढची ओळ पाहावी.

उरलेले हप्ते आणि नवा हप्ता स्प्रेडशीटमध्ये असे मिळतात:

```
=NPER(8.5%/12,-29542,2700000)
=PMT(8.5%/12,180,-2700000)
```

पहिल्याचे उत्तर १४७.६८ येते. म्हणजे १४७ पूर्ण हप्ते आणि साधारण २०,१०० रुपयांचा १४८ वा. बँकेने १४८ सांगितले तर हिशेब जुळला. दुसऱ्याचे उत्तर २६,५८८ येते.

व्याजबचत मोजताना सर्वांत जास्त चूक होते. १८० ऐवजी १४८ हप्ते राहिले, म्हणजे ३२ हप्ते वाचले, आणि शेवटचा हप्ताही अपुरा आहे. एकूण ९,५५,००० रुपये कमी भरावे लागतात. ही रक्कम व्याजबचत म्हणून सांगितली जाते, पण त्यातले ३,००,००० खिशातून आधीच गेलेले आहेत. ते वजा केल्यावर उरणारी ६,५५,००० ही खरी बचत. हप्ता घटवल्यास दरमहा २,९५४ वाचतात, १८० महिन्यांत ५,३२,०००. त्यातून तीन लाख वजा केले की २,३२,०००. या दुसऱ्या प्रकाराची पडताळणी तोंडीही होते: मुद्दलाचा दहावा भाग भरला, तर उरलेल्या एकूण व्याजाचा (२३,१८,०००) दहावा भाग वाचतो. दोन्ही बचतींची तुलना थोडी एकतर्फी आहे, हेही खरे. हप्ता घटवणाऱ्याने दरमहा वाचलेले २,९५४ पुन्हा मुद्दलातच भरले, तर तोही १४८ व्याच हप्त्याला कर्जमुक्त होतो.

त्याच सुमारास व्याजदर बदलला असेल, तर आकडे जुळत नाहीत आणि दोष प्रीपेमेंटवर येतो. अशा वेळी आधी जुन्या शिल्लकीवर नव्या दराने १८० हप्त्यांचा हिशेब करावा आणि मग त्यातून प्रीपेमेंटचा परिणाम वेगळा काढावा. घोडबंदर रस्त्यावरील किंवा उलव्यातील बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पूर्ण कर्ज वितरित झालेले नसते. तिथे पुढचा टप्पा वितरित झाला की शिल्लक पुन्हा वाढते, म्हणून तोपर्यंत वरची सूत्रे लागू पडत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार बदलत्या दराच्या हप्तेबंद वैयक्तिक कर्जांवर, त्यात गृहकर्जही आले, दर तिमाहीला विवरण मिळते. त्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असतो. प्रीपेमेंटच्या आधीचे आणि नंतरचे अशी दोन विवरणे शेजारी ठेवली की हप्ता आणि उरलेले हप्ते यांपैकी काय बदलले ते दिसते. मधल्या तीन महिन्यांत नेहमीचे तीन हप्ते कमी झालेले असतात, ते वजा करूनच उरलेल्या हप्त्यांची तुलना करावी.