पाचची मुदत आणि तीनचा बिघाड

समजा, बेळगावात बारा माणसांची एक पेमेंट कंपनी आहे. निपाणी, संकेश्वर, खानापूरच्या दुकानांत तिचे क्यूआर कोड लागलेत. आदल्या दिवशी जमलेले पैसे ती बँकेमार्फत दुकानदारांच्या खात्यांवर पाठवते. सर्व्हर बंद पडला तर आधी काय सुरू करायचं आणि किती वेळात, हे ठरवण्याच्या पद्धतीला व्यवसाय-परिणाम विश्लेषण म्हणतात.

यात पहिली चूक प्रश्नातच होते. 'तुमचं काम किती महत्त्वाचं?' असं विचारलं की प्रत्येक विभाग 'फार' म्हणतो. त्यापेक्षा विचारावं, काम थांबल्यावर तासाभराने काय बिघडेल, चार तासांनी काय, दुसऱ्या दिवशी काय? नव्या दुकानाची नोंदणी दोन दिवस रखडली तर दुकानदार कुरकुर करील, इतकंच. पैसे पाठवण्याचं काम मात्र तसं नाही.

बँक पैसे वाटपाची फाइल संध्याकाळी 5 पर्यंत घेते, असं धरू. ती वेळ चुकली की पहाटे माल उचलणाऱ्या भाजीवाल्याचं भांडवल एक दिवस अडकलं. फाइल तयार करायला 40 मिनिटं लागतात, दुसऱ्या माणसाने तपासून मंजूर करायला 20. रोज हे काम दुपारी 3 ला सुरू होतं आणि नेमका तेव्हाच सर्व्हर पडला, तर हाताशी 2 तास. त्यातला एक तास कामाचा, आणि बिघाड लक्षात यायलाच 15 मिनिटं जातात. म्हणजे दुरुस्तीला उरतात 45 मिनिटं. सर्व्हर पुरवणाऱ्याने करारात 4 तास लिहिले असतील, तर कागदावरची '45 मिनिटं' नुसती शोभेची.

इथे महागडा दुसरा सर्व्हर घेण्याआधी घड्याळाकडे बघावं. तीच फाइल सकाळी 11 ला करायला घेतली, तर दुरुस्तीला 4 तास 45 मिनिटं मिळतात. पुरवठादाराचे 4 तास त्यात बसतात, पण जेमतेम. कारण ते तक्रार नोंदवल्यापासून मोजले जातात, आणि सर्व्हर उठल्यावर डेटाबेस, मग अ‍ॅप, मग जमाखर्चाचा ताळा, असा क्रम असतो. मंजुरी देणारा एकच माणूस असून तो रजेवर असेल, तर हे सगळं गणित बाद.

दुसरा हिशेब माहितीचा. सर्व्हरवरच्या माहितीची शेवटची राखीव प्रत मध्यरात्रीची असेल आणि बिघाडानंतर तीच चढवावी लागली, तर त्यानंतरच्या व्यवहारांची नोंद बँकेच्या अहवालातून पुन्हा भरता येते. पण सकाळी 10 ला एखाद्या दुकानदाराने बँक खातं बदललं, तर ती नोंद फक्त कंपनीकडेच असते. जुनी प्रत चढवली की पैसे जुन्या खात्यात जातात आणि बेरीज मात्र बरोबर जुळते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. यासाठी खातेबदलाची नोंद काही मिनिटांतच दुसऱ्या जागी उतरली पाहिजे, आणि प्रत चढवल्यावर फाइल पाठवण्याआधी त्या दिवसाचे सगळे खातेबदलाचे अर्ज एकेक करून ताडून पाहिले पाहिजेत.