फ्री बॉडी डायग्राम

एखादी वस्तू तिच्या आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींपासून मनाने सुटी करून, त्या गोष्टी तिच्यावर जी बले लावतात तेवढीच बाणांनी दाखवणारी आकृती म्हणजे फ्री बॉडी डायग्राम. मराठीत तिला मुक्त वस्तू आकृती म्हणता येते, पण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ‘एफबीडी काढ’ हेच ऐकू येते. इथला ‘मुक्त’ शब्द नवख्याला फसवतो. वस्तू मोकळी झाली म्हणजे तिच्यावर बल उरले नाही असे नव्हे. टेबल पुसून टाकायचे, दोरी कापायची, जमीन काढून घ्यायची आणि त्या प्रत्येकाच्या जागी ती जे बल देत होती त्याचा बाण ठेवायचा, असा तो व्यवहार आहे. जितके स्पर्श तोडले तितक्या ठिकाणी बाण हवा. त्यावर आणखी एक बाण स्पर्शाशिवाय लागणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचा.

टेबलावर १.२ किलोग्रॅमचे पुस्तक शांत पडले आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, ते वजन W = mg = १.२ × ९.८१ = ११.८ न्यूटन. स्पर्श एकच, टेबलाचा. टेबल पृष्ठभागाला काटकोनात वर ढकलते, ती लंब प्रतिक्रिया N. पुस्तक हलत नाही, म्हणून उभ्या दिशेतील बेरीज शून्य, आणि N = ११.८ न्यूटन. उदाहरण इतके सोपे आहे की त्यातून दोन चुकीचे धडे सहज मनात बसतात आणि पुढे सेमिस्टरभर त्रास देतात. पहिला धडा असा की N म्हणजे W. दुसरा असा की ही दोन बले न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे. दुसरा आधी निकालात काढू. तिसऱ्या नियमाची जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते: टेबल पुस्तकाला वर ढकलते, तेव्हा पुस्तक टेबलाला खाली ढकलते. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तेव्हा पुस्तक पृथ्वीला ओढते. एकाच वस्तूच्या आकृतीत अशी जोडी कधीच एकत्र येत नाही. W आणि N इथे सारखे आले ते पुस्तक समतोलात आहे म्हणून, म्हणजे पहिल्या नियमामुळे.

पहिला धडा खोटा पाडायला एक बोट पुरे. पुस्तकावर बोटाने ५ न्यूटन दाब द्या. आता खाली दोन बाण, वर एक, आणि N = १६.८ न्यूटन. बोटाऐवजी वरून दोरा बांधून ५ न्यूटनने वर ओढा, तर N = ६.८ न्यूटन. पुस्तकाचे वजन तिन्ही वेळा तेच होते, टेबलाचे उत्तर बदलत गेले. टेबलाला स्वतःचे ठरलेले बल नसते. पुस्तक आत शिरू नये इतकेच, आणि तितकेच, ते ढकलते. म्हणून आकृतीत N हे अज्ञात म्हणून काढायचे आणि समीकरणाने शोधायचे. mg ही किंमत तिथे आधीच लिहून ठेवणे म्हणजे प्रश्न सुटण्याआधी उत्तर गृहीत धरणे.

आता दोरा १५ न्यूटनने ओढा. गणित N = ११.८ − १५ = −३.२ न्यूटन असे उत्तर देते. उणे चिन्हाचा अर्थ टेबल पुस्तकाला खाली खेचते आहे, आणि गोंद लावल्याशिवाय टेबलाला ते जमत नाही. म्हणजे स्पर्श टिकून आहे हे आपले गृहीतक मोडले. पुस्तक उचलले गेले आहे. आकृती पुन्हा काढायची, त्यातून N वगळायचे, आणि उरलेले ३.२ न्यूटन पुस्तकाला वर सुमारे २.७ मी/से² त्वरण देतात. स्पर्शबल उणे आले तर चूक आकडेमोडीत शोधण्याआधी आकृतीत शोधावी.

एकावर एक दोन पुस्तके ठेवली की ‘कोणती वस्तू सुटी केली’ हा प्रश्न खरा होतो. खाली आपले १.२ किलोग्रॅमचे, वर ०.८ किलोग्रॅमचे. खालच्या पुस्तकाच्या आकृतीत वरच्याचे वजन काढणारे बरेच जण असतात आणि उत्तर बरोबर येते, म्हणून चूक पकडली जात नाही. पण पृथ्वी वरच्या पुस्तकाला ओढते ते बल वरच्या पुस्तकावर लागते. खालच्यावर लागतो तो वरच्या पुस्तकाचा दाब. सगळे स्थिर असताना हा दाब ७.८ न्यूटन, म्हणजे वजनाइतकाच असतो. हीच थप्पी वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवली, तर लिफ्ट वेग घेते तेवढा वेळ दाब वजनाहून जास्त असतो आणि ‘वजन’ लिहिणाऱ्याचे उत्तर चुकते. यावर जुनी, साधी कसोटी आहे: प्रत्येक बाणाशेजारी तो कोण देतो हे लिहावे. पृथ्वी, टेबल, बोट, दोरा, वरचे पुस्तक. देणारा सापडत नसेल तर तो बाण खोडावा. धक्का मारून सोडलेली वस्तू घसरत असताना पुढच्या दिशेने काढलेला ‘गतीचा’ बाण आणि त्वरणाच्या दिशेने काढलेला ma चा बाण, दोन्ही या कसोटीवर गळतात.

घर्षण आले की N चुकल्याचा भुर्दंड दुप्पट होतो, कारण घर्षणाची मर्यादा N वरच अवलंबून असते. फरशीवर २० किलोग्रॅमचे खोके घ्या, W = १९६.२ न्यूटन, आणि खोके व फरशी यांच्यातील स्थितिक घर्षणांक μ = ०.४. आडव्याशी ३०° कोनात वरच्या बाजूला दोरी धरून ८० न्यूटनने ओढले, तर ओढीचा उभा घटक ४० न्यूटन खोके हलके करतो. N = १५६.२, घर्षणाची कमाल μN = ६२.५ न्यूटन. ओढीचा आडवा घटक ६९.३ न्यूटन आहे, म्हणून खोके घसरते. आता त्याच ८० न्यूटनने, त्याच ३०° कोनात, मागून तिरपे खाली ढकलले, तर ४० न्यूटन खाली दाबतात. N = २३६.२, घर्षणाची कमाल ९४.५ न्यूटन, आणि खोके जागचे हलत नाही. जड पेटी ढकलण्यापेक्षा ओढायला सोपी का, याचे उत्तर एका उलटलेल्या बाणात आहे. दोन्ही ठिकाणी N = mg लिहिले असते तर घर्षणाची कमाल दोन्हींत ७८.५ न्यूटन आली असती, आणि ओढलेले खोकेही घसरणार नाही असा खोटा निष्कर्ष निघाला असता.

ढकलण्याच्या प्रसंगात प्रत्यक्ष घर्षण किती? ९४.५ नव्हे, ६९.३ न्यूटन. घर्षणही टेबलासारखेच वागते, गरजेपुरतेच देते. μN ही त्याची वरची हद्द आहे. ती किंमत खोके घसरण्याच्या अगदी बेतात असतानाच लिहायची.

उतरणीवर नवे बल एकही नाही, फक्त दिशा बदलतात. तेच खोके २५° च्या फळीवर ठेवा. वजन सरळ खाली, फळीकडे न बघता. N फळीला काटकोनात, म्हणजे तिरपे. उत्तरपत्रिकांत N सवयीने सरळ वर काढलेले दिसते, तिथेच उदाहरण संपते. अक्ष फळीला समांतर आणि लंब घेतले की फक्त वजनाचे घटक करावे लागतात: फळीलगत खाली W sin θ, फळीत दाबणारा W cos θ. कुठे sin आणि कुठे cos हे पाठ करण्यापेक्षा फळी आडवी कल्पावी. θ शून्य झाल्यावर घसरवणारा घटक नाहीसा व्हायला हवा, म्हणून तो sin. घसरवणारे बल sin च्या प्रमाणात वाढते हे फ्लेमिश अभियंता सायमन स्टेविन याने १५८६ च्या ग्रंथात दाखवले, न्यूटनच्या नियमांच्या शंभर वर्षे आधी. असमान उतारांच्या त्रिकोणी ठोकळ्याभोवती गोळ्यांची अखंड माळ टाकली तर ती आपोआप फिरत बसणार नाही, एवढ्याच विचारावर.

आपल्या खोक्यासाठी W sin θ = ८२.९ आणि N = W cos θ = १७७.८ न्यूटन. घर्षणाची कमाल ७१.१ न्यूटन, म्हणून खोके घसरते. २०° ला हेच आकडे ६७.१ आणि ७३.७ होतात, खोके थांबते. मधली हद्द tan θ = μ, इथे २१.८°. तिच्यात वजन नाही, भरलेले आणि रिकामे खोके एकाच कोनाला घसरू लागते.

आता २५° वर खोके थांबवण्यासाठी आडवा, उताराकडे रोखलेला जोर P लावा. P आडवा असल्याने त्याचेही दोन घटक होतात: P cos θ वर ढकलतो, P sin θ फळीत दाबतो. म्हणजे N = W cos θ + P sin θ, आणि N पुन्हा बदलले. घर्षण कोणत्या दिशेला काढायचे? खोके खाली घसरण्याच्या बेतात असेल तर घर्षण वर. तेव्हा P cos θ + μN = W sin θ, आणि P सुमारे ११ न्यूटन येतो. P वाढवत नेला की खोके वर सरकण्याच्या बेतात येते, घर्षण खाली वळते, आणि P cos θ = W sin θ + μN पासून P सुमारे २०९ न्यूटन मिळतो. या दोन किमतींच्या मध्ये कुठलाही P दिला तरी खोके स्थिरच. P = W tan θ, म्हणजे ९१.५ न्यूटनला घर्षण शून्यातून जाते, तिथे बाणच नको. मधल्या किमतींना दिशा आधी कळत नसेल तर घर्षण f हे अज्ञात कोणत्याही बाजूला काढावे, उत्तर उणे आले तर ते उलट्या दिशेला आहे. N चे उणे आकृती मोडते, f चे उणे फक्त बाण फिरवते.

आतापर्यंत सगळे बाण एका बिंदूतून काढले, जणू खोके म्हणजे कण. उंच वस्तूला हे पुरत नाही. खोके १.२ मीटर उंच आणि उताराच्या दिशेने ०.४ मीटर रुंद असेल, तर फळी चढवत जाताना N पायाच्या मध्यातून खालच्या कडेकडे सरकत जाते. कारण वजनाची उभी रेषा पायाला जिथे छेदते तिथूनच N जावे लागते. ही रेषा कडेबाहेर पडते ती tan θ = ०.४ / १.२ ला, म्हणजे १८.४° ला. घसरण्याची हद्द २१.८° आहे. बिंदूची आकृती २०° ला ‘खोके सुरक्षित’ म्हणते, आणि खोके तोवर उलटून पडलेले असते.